फोनवर एडिट करताना लेबल सरकतं, कट चुकतो, कीफ्रेम उडी मारते: दोष कुठे आहे ते कसं शोधायचं

गेली काही वर्षं मी सगळं एडिटिंग फोनवरच करतो. ओळखीपाळखीचे लोक त्यांचे अडलेले प्रोजेक्ट घेऊन येतात, आणि त्यातली तक्रार बहुतेक वेळा एकच असते. चालत्या माणसावर किंवा वस्तूवर नाव, बाण किंवा स्टिकर चिकटवलेला असतो, कीफ्रेम देऊन तो सोबत हलवलेला असतो, आणि तरी तो जागेवर बसत नाही. दुरुस्त करायला जावं तर आणखी बिघडतो. शेवटी माणूस सगळ्या कीफ्रेम पुसून पहिल्यापासून सुरुवात करतो, आणि तीच चूक पुन्हा होते.

सगळं पुसायची गरज सहसा नसते. सरकण्याचे प्रकार वेगवेगळे असतात आणि प्रत्येक प्रकाराचं कारण वेगळं असतं. म्हणून हात लावण्याआधी नीट बघा की तुमच्याकडे यातलं नक्की काय होतंय.

लक्षणं

- लेबल सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्याच अंतराने मागे किंवा पुढे राहतं. मार्ग बरोबर असतो, वेळ चुकलेली असते.
- लेबल छान चालतं, एकाच ठिकाणी झटका बसतो, पुढे पुन्हा ठीक होतं. कधी त्या जागी किंचित तिरकंही होतं.
- लेबल प्रत्येक कीफ्रेमपाशी मंदावतं आणि दोन कीफ्रेमच्या मध्ये धावतं.
- लेबल योग्य जागीच असतं, पण सतत बारीक थरथरतं.
- फोनवर एडिट करताना सगळं नेमकं दिसतं, एक्स्पोर्ट केल्यावर सरकलेलं दिसतं, आणि क्लिपच्या शेवटाकडे जास्तच.
- कटच्या जागी आधीच्या शॉटची एखादी फ्रेम क्षणभर चमकून जाते, किंवा कट आवाजाच्या ठोक्यावर पडत नाही.

पुढच्या तपासण्या सोप्यापासून अवघडाकडे लावल्या आहेत. हा क्रम मोडू नका. कट चुकलेला असताना कीफ्रेम दुरुस्त केल्या, तर कट सुधारल्यावर त्या कीफ्रेम पुन्हा चुकतात.

सुरुवातीला एकच गोष्ट करा: प्रोजेक्टची ड्युप्लिकेट प्रत काढा आणि सगळे प्रयोग त्या प्रतीवर करा. काही अ‍ॅपमध्ये प्रोजेक्ट बंद केला की अनडूची साखळी संपते, आणि मग परतीची वाट उरत नाही.

पहिली तपासणी: दोष खरा आहे का?

लेयर वाढले की फोनला प्रीव्ह्यू झेपत नाही. तो मधल्या काही फ्रेम गाळून पुढे जातो आणि लेबल अडखळतंय असं वाटतं. त्यामुळे आधी दोष असलेला पाच-सहा सेकंदांचा तुकडा तेवढाच एक्स्पोर्ट करून गॅलरीत बघा. तिथे ठीक दिसत असेल तर तुमच्या कीफ्रेममध्ये काही चूक नाही. प्रीव्ह्यूची क्वालिटी कमी करा, फोन गरम असेल तर थोडा निवू द्या, आणि पुढे चला.

आवाजावर कट मारताना ब्लूटूथ इअरफोन काढून ठेवा. ब्लूटूथवर आवाज उशिरा पोहोचतो, आणि तो उशीर एक दशांश ते पाव सेकंद सहज असू शकतो. सेकंदाला ३० फ्रेमच्या प्रोजेक्टमध्ये ही तीन ते सात फ्रेमची चूक झाली. टाळी ऐकू आली म्हणून तुम्ही थांबता, पण प्लेहेड तोवर टाळी ओलांडून गेलेला असतो. वायरचा इअरफोन किंवा फोनचा स्पीकर वापरून तोच कट पुन्हा ऐका. माझ्याकडे आलेल्या ‘कट ठोक्यावर बसत नाही’ या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच मिटल्या.

दुसरी तपासणी: कट नेमक्या फ्रेमवर आहे का?

इथे अडचण बोटाची आहे. बोट जिथे टेकतं, नेमकी तीच जागा झाकली जाते. दुसरं असं की बोट उचलताना त्याचा टेकलेला भाग किंचित लोळतो, आणि फोन ते सरकणंच समजतो. तुम्ही प्लेहेड अगदी बरोबर फ्रेमवर आणता, बोट उचलता, आणि तो एक-दोन फ्रेम पुढे जाऊन थांबतो. बघायचं असेल तर आत्ताच करून बघा: टाइमलाइन ओढून एका फ्रेमवर थांबा, वरचा वेळेचा आकडा वाचा, बोट उचला, पुन्हा आकडा वाचा.

उपाय झूममध्ये आहे. दोन बोटांनी टाइमलाइन इतकी मोठी करा की एक फ्रेम साधारण नखाएवढी रुंद होईल. मग बोट लोळलं तरी प्लेहेड त्याच फ्रेमच्या आत राहतो. पट्टीवर सेकंदांच्या मध्ये फ्रेमचे आकडे दिसू लागले की झूम पुरेसा झाला असं समजा. अ‍ॅपमध्ये एकेक फ्रेम पुढे-मागे नेणारी बटणं असतील तर शेवटच्या दोन फ्रेम बटणानेच सरका.

आणि क्लिपची कड ओढून ट्रिम करायची सवय सोडा. कड ओढताना ती जवळच्या कटला, मार्करला किंवा बीटला आपोआप चिकटते. शिवाय ओढताना स्क्रीनवर दिसणारं चित्र आणि बोट सोडल्यावर मिळणारी फ्रेम एकच असेल याची खात्री नसते. त्याऐवजी प्लेहेड जागेवर आणा, स्प्लिट करा, नको तो तुकडा निवडून डिलीट करा. दोन टॅप जास्त लागतात, पण कट तुम्ही पाहिलेल्या फ्रेमवरच पडतो.

क्षणभर चमकणारी फ्रेम याच गडबडीतून येते. स्प्लिट एक फ्रेम लवकर झालं की जुन्या शॉटची एक फ्रेम नव्या तुकड्याच्या डोक्यावर राहते. ३० फ्रेमच्या वेगात ती सेकंदाचा तिसावा भाग दिसते. एडिट करताना डोळा ती गाळतो, मोठ्या पडद्यावर मात्र ती टोचते. प्रत्येक कटवर जाऊन एक फ्रेम मागे, एक फ्रेम पुढे असं बघा. दोन्हीकडे चित्र पूर्ण बदललेलं दिसलं पाहिजे.

तिसरी तपासणी: सगळं सारख्याच अंतराने सरकलंय का?

इथे मी एक खरं उदाहरण पूर्ण सांगतो, कारण हा दोष सगळ्यात जास्त वेळा येतो आणि सगळ्यात जास्त चुकीच्या पद्धतीने दुरुस्त केला जातो.

माझी भाची स्केटिंग शिकते. तिने सरावाचा व्हिडिओ बनवला होता. सुरुवातीला चार सेकंदांचा मैदानाचा शॉट, मग ती स्वतः डावीकडून उजवीकडे जाते तो शॉट. तिच्या हेल्मेटच्या वर तिचं नाव, ते तिच्यासोबत सरकतं. प्रोजेक्ट ३० फ्रेमचा, चित्र १९२० पिक्सेल रुंद. नाव ०५:०० ला सुरू होतं आणि ०८:०० ला संपतं. मध्ये ०६:१५ ला, म्हणजे सहा सेकंद आणि पंधरा फ्रेमवर, ती जमिनीवरची पांढरी रेघ ओलांडते. तिथे मधली कीफ्रेम होती.

सगळं जमलं होतं. मग तिला वाटलं, मैदानाचा शॉट जरा रेंगाळतोय, म्हणून तिने त्यातून १२ फ्रेम कापल्या. आणि मला फोन आला: “मामा, माझं नाव माझ्या मागेच राहतंय.”

काय झालं होतं बघा. मुख्य ट्रॅकवरून काही कापलं की त्याच्या पुढच्या सगळ्या क्लिप डावीकडे सरकून रिकामी जागा भरतात. त्यामुळे स्केटिंगचा शॉट १२ फ्रेम लवकर आला आणि रेघ आता ०६:०३ ला ओलांडली जाऊ लागली. तिच्या अ‍ॅपमध्ये वरचा लेयर मात्र घड्याळाला बांधलेला होता, तो आहे तिथेच राहिला. नाव अजूनही ०६:१५ लाच रेघेपाशी पोहोचत होतं. ती तीन सेकंदांत, म्हणजे ९० फ्रेममध्ये, साधारण १८०० पिक्सेल पार करत होती. एका फ्रेमला २० पिक्सेल धरा. १२ फ्रेमचे झाले २४०, म्हणजे पडद्याच्या रुंदीचा आठवा हिस्सा. एवढं अंतर कुणालाही दिसतं.

तिने काय केलं? नाव मागे दिसलं की थांबायचं आणि बोटाने नाव हेल्मेटवर ओढायचं. असं चार ठिकाणी. प्रत्येक ओढण्यागणिक एक नवी कीफ्रेम तयार झाली आणि जुन्या तिन्ही तशाच राहिल्या. नाव आता नव्या जागेवरून जुन्या जागेवर, तिथून पुन्हा नव्यावर असं पुढे-मागे उड्या मारू लागलं.

अशा वेळी एकाही कीफ्रेमला हात लावायचा नाही. मार्ग बरोबर आहे, फक्त वेळ चुकली आहे, म्हणून पूर्ण लेयर उचलून सरकवायचा. किती सरकवायचा हे अंदाजाने ठरवू नका, मोजा. त्यासाठी चित्रात असा क्षण निवडा जो एकाच फ्रेमवर घडतो: चाक रेघेला लागणं, हात टेबलावर टेकणं, दार बंद होणं. त्या क्षणाची वेळ वाचा. मग लेबल त्या जागेवर कधी पोहोचतं ती वेळ वाचा. दोन्हीतला फरक म्हणजे सरकवायच्या फ्रेम. तिच्या बाबतीत ०६:१५ वजा ०६:०३, बारा. तिने आधी काढून ठेवलेली ड्युप्लिकेट उघडली, तीच १२ फ्रेमची कापणी पुन्हा केली आणि टाइमलाइन झूम करून लेयर १२ फ्रेम डावीकडे नेला. तिन्ही कीफ्रेम सोबत सरकल्या आणि नाव हेल्मेटवर बसलं.

काही अ‍ॅप वेळ फ्रेममध्ये न दाखवता दशांशात दाखवतात. तिथे ३० फ्रेमच्या प्रोजेक्टमध्ये ०.४० सेकंद म्हणजे १२ फ्रेम होतात. २५ फ्रेमचा प्रोजेक्ट असेल तर त्याच ०.४० सेकंदाच्या १० फ्रेम.

तुमचं अ‍ॅप लेयर घड्याळाला बांधतं की खालच्या क्लिपला, हे एकदाच तपासून ठेवा. नव्या प्रोजेक्टमध्ये दोन क्लिप टाका, दुसऱ्या क्लिपवर एक शब्द ठेवा आणि पहिल्या क्लिपमधून एक सेकंद कापा. शब्द क्लिपसोबत डावीकडे गेला तर तो क्लिपला बांधलेला आहे, जागेवर राहिला तर घड्याळाला. क्लिपला बांधणाऱ्या अ‍ॅपमध्ये धोका वेगळा असतो: खालची क्लिप डिलीट केली की वरचा लेयरही कधी कधी न विचारता जातो.

दोष पुन्हा येऊ नये म्हणून मी कामाचा क्रम पक्का केला आहे. आधी सगळे कट, ते संपल्याशिवाय कीफ्रेम नाहीत. कट बदलण्याची थोडी जरी शक्यता असेल तर चालतं लेबल असलेला शॉट वेगळ्या प्रोजेक्टमध्ये करतो, लेबलसकट जास्तीत जास्त बिटरेटवर एक्स्पोर्ट करतो आणि ती तयार क्लिप मुख्य प्रोजेक्टमध्ये आणतो. चित्र एकदा जास्त कॉम्प्रेस होतं, हे खरं. पण मग तुम्ही आजूबाजूला काहीही कापा, लेबल आणि माणूस वेगळे होऊ शकत नाहीत.

चौथी तपासणी: झटका बसतो तिथे दोन कीफ्रेम शेजारी आहेत का?

झटक्याच्या जागेवर जा आणि टाइमलाइन पूर्ण झूम करा. दुरून एक वाटणारा कीफ्रेमचा हिरा जवळून दोन निघतो. हा दोष इतक्या वेळा पाहिला आहे की झटका दिसला की मी दुसरं काही बघण्याआधी हेच बघतो.

हे असं होतं: तुमची कीफ्रेम ०६:०३ ला आहे. जागा थोडी सुधारायची म्हणून तुम्ही तिथे जाता, पण बोट लोळल्यामुळे प्लेहेड ०६:०५ ला थांबतो. झूम कमी असल्याने तो कीफ्रेमवरच आहे असं दिसतं. तुम्ही लेबल ३० पिक्सेल वर सरकवता. अ‍ॅप जुनी कीफ्रेम बदलत नाही, ०६:०५ ला नवी टाकतं. आता लेबलला ०६:०३ ला जुन्या जागी असायचं आहे आणि दोनच फ्रेमनंतर ३० पिक्सेल वर. तोच तो झटका.

ओळखायची खूण कीफ्रेमच्या बटणावर असते. प्लेहेड नेमका कीफ्रेमवर असताना बटणाचं रूप बदलतं: कुठे हिरा रंगाने भरतो, कुठे अधिकच्या जागी वजाचं चिन्ह येतं, म्हणजे आता टॅप केलं तर ही कीफ्रेम पुसली जाईल. लेबलला हात लावण्याआधी ती खूण दिसलीच पाहिजे. मागच्या-पुढच्या कीफ्रेमवर नेणारे बाण असतील तर बोटाने जाण्यापेक्षा त्यांनीच जा, ते बरोबर फ्रेमवर नेऊन सोडतात.

दोनपैकी कोणती पुसायची? दोन्हीवर जाऊन चित्राशी ताडून बघा आणि जिथे लेबल योग्य जागी आहे ती ठेवा. दोन्ही थोड्या चुकलेल्या असतील तर नंतरची पुसा आणि पहिलीवर राहून जागा सुधारा.

लेबल तिरकं होणं किंवा त्याचा आकार हलकेच कमी-जास्त होणं हेही इथलंच. बऱ्याच अ‍ॅपमध्ये एक कीफ्रेम जागा, आकार आणि कोन हे तिन्ही एकत्र नोंदवते. लेबल सरकवताना दुसरं बोट चुकून स्क्रीनला लागलं की अ‍ॅपला ते चिमटीने फिरवल्यासारखं वाटतं, आणि दीड-दोन अंशांचा तिरकेपणा कीफ्रेममध्ये जाऊन बसतो. फोन टेबलावर ठेवा आणि एकाच बोटाने काम करा. दुसऱ्या हाताचा अंगठा कडेवरून आत आला तरी पुरतो. कोन आणि आकार आकड्यात दिसत असतील तर प्रत्येक कीफ्रेमवर ते सारखे आहेत ना ते वाचा.

पाचवी तपासणी: प्रत्येक कीफ्रेमपाशी लेबल मंदावतंय का?

मंदावत असेल तर इझिंग चालू आहे. इझिंगमुळे हालचाल हळू सुरू होते, मध्ये वेग घेते आणि हळू थांबते. बाहेरून आत येणाऱ्या शीर्षकाला ते शोभतं. पण चालत्या माणसाला चिकटलेल्या लेबलला ते लावलं की प्रत्येक दोन कीफ्रेममध्ये लेबल स्वतंत्रपणे सुरू होऊन थांबतं, आणि माणूस मात्र एकसारखा चालत असतो. कीफ्रेम दहा असतील तर नऊ वेळा थांबणं-सुटणं. आणि लोक काय करतात, लेबल मध्येच मागे पडलं म्हणून तिथे आणखी एक कीफ्रेम टाकतात. त्याने थांबे आणखी वाढतात.

प्रत्येक दोन कीफ्रेममधल्या भागाचा कर्व्ह लिनिअर करा. मग जास्तीच्या कीफ्रेम पुसून कमीत कमी किती लागतात ते बघा. माझी पद्धत निम्म्या-निम्म्याची आहे. पहिली कीफ्रेम सुरुवातीला, दुसरी शेवटी. मग बरोबर मधोमध जाऊन बघायचं, लेबल सुटलं असेल तरच तिथे एक. मग प्रत्येक अर्ध्याच्या मध्यावर तसंच. भाचीच्या शॉटला तीन कीफ्रेम पुरल्या, कारण ती जवळजवळ एका वेगात जात होती. तिने आधी दर पाच फ्रेमला एक टाकली असती तर १९ झाल्या असत्या, आणि प्रत्येकीत बोटाची तीन-चार पिक्सेलची चूक वेगळ्या दिशेला गेली असती. त्यामुळे जास्त कीफ्रेम टाकल्या की लेबल उलट जास्त डळमळतं.

वस्तूने दिशा बदलली, उडी मारली किंवा ती थांबली, तर नेमक्या त्या फ्रेमवर मात्र कीफ्रेम हवीच. निम्म्याच्या हिशोबात ती जागा आली नाही तरी.

सहावी तपासणी: प्रोजेक्टचा फ्रेम रेट आणि क्लिपचा फ्रेम रेट

कीफ्रेम मोजक्या आहेत, लिनिअर आहेत, तरी लेबल बारीक थरथरतं. तेव्हा हे बघा. गॅलरीत क्लिपच्या तपशिलात फ्रेम रेट दिसतो का ते पाहा आणि प्रोजेक्टचा फ्रेम रेट काय आहे ते ताडा.

क्लिप २५ ची आणि प्रोजेक्ट ३० चा असेल तर अ‍ॅपला सेकंदाला पाच फ्रेम कमी पडतात. ते सहसा पाच फ्रेम दोनदा दाखवतं. त्या पाच क्षणी माणूस जागेवर थिजतो, पण लेबल प्रोजेक्टच्या वेगाने, म्हणजे तीसही फ्रेममध्ये पुढे सरकतं. लेबल एक फ्रेम पुढे, मग माणूस त्याला गाठतो, पुन्हा लेबल पुढे. एका फ्रेमला २० पिक्सेलचा वेग असेल तर ही थरथर स्पष्ट दिसते. कीफ्रेम कितीही नेटक्या केल्या तरी ती जात नाही.

प्रोजेक्टचा आणि एक्स्पोर्टचा फ्रेम रेट क्लिपच्या फ्रेम रेटएवढा करा. ६० ची क्लिप ३० च्या प्रोजेक्टमध्ये चालते, एक सोडून एक फ्रेम घेतली जाते. वेगवेगळ्या रेटच्या क्लिप असतील तर ज्या क्लिपवर चालतं लेबल आहे तिचा रेट धरा. आणि हा निर्णय पहिल्या कटच्या आधी घ्या. कीफ्रेम दिल्यावर रेट बदलला तर जुन्या कीफ्रेम नव्या दोन फ्रेमच्या मध्ये पडतात, आणि मग वरची सगळी तपासणी पुन्हा करावी लागते.

सातवी तपासणी: क्लिपचा फ्रेम रेट स्थिर आहे का?

प्रीव्ह्यूत बरोबर, एक्स्पोर्टमध्ये सरकलेलं, आणि शेवटाकडे जास्त. किंवा वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज सुरुवातीला ओठांशी जुळतो आणि पुढे सुटत जातो. आधीच्या तपासण्यांत काही सापडलं नसेल तर संशय इथे घ्या.

फोनचे कॅमेरे फ्रेम नेहमीच समान अंतराने घेत नाहीत. उजेड कमी पडला की एकेका फ्रेमला जास्त वेळ प्रकाश द्यावा लागतो, म्हणून फोन वेग कमी करतो. फाइलवर ३० लिहिलेलं असलं तरी आत कुठे ३०, कुठे २४ असू शकतं. स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये हे तर सर्रास होतं, कारण स्क्रीनवर काही हललं नाही की नवी फ्रेम घेतलीच जात नाही. अशा क्लिपमध्ये एकाच वेळेला प्रीव्ह्यू एक फ्रेम दाखवतो आणि एक्स्पोर्ट दुसरी उचलतो.

साधी परीक्षा: क्लिप टाइमलाइनवर टाकून हलत्या भागात एकेक फ्रेम पुढे जा. चित्र कधी दोन-तीन टॅपना तसंच राहत असेल, मग एकदम पुढे जात असेल, आणि हे ठरावीक अंतराने होत नसेल, तर रेट अस्थिर आहे.

अँड्रॉइडवर टर्मक्स हे कमांड टाइप करून चालवायचं अ‍ॅप असेल तर फोनवरच खात्री करता येते. आधी एकदा `pkg install ffmpeg` आणि `termux-setup-storage`, मग क्लिप असलेल्या फोल्डरमध्ये जाऊन:

```
ffprobe -v error -select_streams v:0 \
-show_entries stream=r_frame_rate,avg_frame_rate \
-of default=nw=1 clip.mp4
```

दोन आकडे येतात. `r_frame_rate` समोर `30/1` आणि `avg_frame_rate` समोर भागाकार केल्यावर २७ किंवा २८ असं काही निघालं, तर फ्रेम मध्ये-मध्ये कमी पडल्या आहेत. किरकोळ फरक, म्हणजे २९.९ वगैरे, बहुधा त्रास देत नाही. मग क्लिप स्थिर रेटमध्ये बदलून घ्या:

```
ffmpeg -i clip.mp4 -vf fps=30 -c:v libx264 \
-crf 18 -pix_fmt yuv420p -c:a copy clip30.mp4
```

याने प्रत्येक सेकंदाला बरोबर ३० फ्रेम होतात. जिथे कमी होत्या तिथे आधीची फ्रेम पुन्हा येते, त्यामुळे हालचाल गुळगुळीत होत नाही, पण वेळ पक्की होते. मूळ फाइल तशीच राहते, ती पुसू नका. एचडीआरमध्ये शूट केलेल्या क्लिपवर ही कमांड चालवू नका, रंग फिके पडतात. आणि बदल एडिटिंगच्या आधी करा, कारण अर्ध्या कामात क्लिप बदलली तर तुमचे कट वेगळ्या फ्रेमवर जातील.

पुढच्या शूटिंगला उजेड वाढवा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये कमी उजेडात फ्रेम रेट आपोआप बदलायचा पर्याय असेल तर तो बंद करा. आयफोनमध्ये तो `Auto FPS` या नावाने व्हिडिओ रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये मिळतो.

इथे थांबा आणि जाणकाराकडे द्या

वस्तू फिरते, जवळ येऊन मोठी होते किंवा कशाच्या तरी मागे जाऊन पुन्हा दिसते, आणि लेबल तिच्या पृष्ठभागावर चिकटलेलं दिसायला हवं, तर हे हाताच्या कीफ्रेमचं काम नाही. त्याला पृष्ठभागाचे चारही कोपरे पकडणारं ट्रॅकिंग लागतं, ते संगणकावर करणाऱ्याकडे द्या. मी स्वतः अशा शॉटला एका बैठकीपेक्षा जास्त वेळ देत नाही.

स्थिर रेटमध्ये बदलूनही आवाज सुटत जात असेल, किंवा बदलताना `ffmpeg` मधेच चुका दाखवून थांबत असेल, तर फाइलच्या आतल्या वेळेच्या नोंदी बिघडलेल्या असण्याची शक्यता आहे. दोन-तीन कॅमेऱ्यांचं तासाभराचं रेकॉर्डिंग जुळवायचं असेल तरीही फोनवर अडून राहू नका. आणि फोन काम करताना वारंवार बंद पडत असेल, स्क्रीनचा एक पट्टा स्पर्श नीट घेत नसेल, किंवा मागची बाजू फुगलेली दिसत असेल, तर दोष एडिटिंगचा नाहीच. फुगलेल्या बॅटरीचा फोन चार्जिंगला लावू नका, दाबू नका, वापर थांबवा आणि दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या.

एडिटरकडे काम देताना मूळ क्लिप द्या, जशी कॅमेऱ्यातून आली तशी. मेसेजिंग अ‍ॅपवरून व्हिडिओ म्हणून पाठवलेली क्लिप पुन्हा कॉम्प्रेस होते, म्हणून फाइल म्हणून पाठवा किंवा केबलने उतरवून द्या. सोबत तुमचा आत्तापर्यंतचा एक्स्पोर्ट आणि चुकणाऱ्या जागांची यादी द्या: ‘०६:०३ ला नाव रेघेवर हवं, १२ फ्रेम उशिरा येतं’ अशा शब्दांत, आणि शेजारी प्रोजेक्टचा फ्रेम रेट.